गोळाबेरीज शेवटीच करावी

बोअरच्या पाण्याचा कठीणपणा मोजण्याची पद्धत बारावीच्या प्रयोगशाळेतही जमण्याजोगी आहे. पाण्यात बफर घालायचे, इरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट टाकायची आणि ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. वाइनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला, की थांबायचे. एवढे हात जपून केलेले काम पुढे कागदावर, कॅल्क्युलेटरच्या आधाराने, सहज बिघडू शकते.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. ईडीटीएच्या डायसोडियम क्षाराचे वजन ०.९४६० ग्रॅम भरले. ते २५०.० मिलिलिटरच्या मापक चंबूत विरघळवले. पिपेटने ५०.०० मिलिलिटर पाणी घेतले. ब्युरेटचे सुरुवातीचे वाचन ०.५० होते, शेवटचे १०.४० आले.

आधी ही वजाबाकी बघा. १०.४० मध्ये चार सार्थक अंक आहेत, ०.५० मध्ये दोनच. पण बेरीज-वजाबाकीत सार्थक अंक मोजत नाहीत, दशांश स्थळे बघतात. दोन्ही वाचने दोन स्थळांपर्यंत खात्रीची, म्हणून उत्तर ९.९० मिलिलिटर. त्यातले शेवटचे शून्य लिहायलाच हवे, कारण ते मोजलेले आहे. इथून पुढे फक्त गुणाकार-भागाकार आहेत, आणि त्यांत सर्वांत कमी सार्थक अंक असलेले माप उत्तराची मर्यादा ठरवते. ते माप हेच, तीन अंकांचे. म्हणजे अंतिम उत्तर तीन सार्थक अंकांत द्यायचे.

आता पायऱ्या. ०.९४६० ग्रॅमला ३७२.२४ या रेणुभाराने भागले की मोल मिळतात: ०.००२५४१३७. त्यांना ०.२५०० लिटरने भागले की दर लिटरमागे ०.०१०१६५५ मोल. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमचा एकच आयन पकडतो, म्हणून ९.९० मिलिलिटर द्रावण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे ०.१००६ मिलिमोल. १००.०९ ने गुणले की १०.०७ मिलिग्रॅम. हे ५० मिलिलिटरमधले. एका लिटरमध्ये त्याच्या वीसपट. कॅल्क्युलेटरवर २०१.४५७७ दिसते, वहीत २०१ लिहायचे.

आता हीच आकडेमोड घाईने करू. मोल ‘०.००२५ धरू’ म्हटले, की द्रावण ०.०१० मोलर होते आणि उत्तर येते १९८. दुसरा विद्यार्थी जास्त शिस्तीचा. उत्तर तीन अंकांत द्यायचे आहे हे ओळखून तो प्रत्येक पायरीला तीनच अंक ठेवतो. ०.००२५४, मग ०.०१०२, मग ०.१०१, मग १०.१. त्याचे उत्तर २०२. नियम त्याला ठाऊक होता, पण त्याने तो शेवटी एकदा लावण्याऐवजी चार वेळा लावला.

ब्युरेटच्या वाचनात ०.०५ मिलिलिटरची शंका धरली, तर उत्तरात सुमारे १ मिलिग्रॅमची शंका येते. घाईच्या गोळाबेरजेने मात्र ३ मिलिग्रॅमचा फरक पाडला. काचेच्या उपकरणापेक्षा पेन जास्त चुकले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. एकाच नमुन्याचे उत्तर एका वहीत मर्यादेच्या आत बसते, दुसऱ्या वहीत बाहेर पडते.

उपाय साधा आहे. मधल्या पायऱ्या वहीत लिहाव्यात, पण गरजेपेक्षा एक-दोन अंक जास्त ठेवून. आणि कॅल्क्युलेटरवरचा आकडा पुसून पुन्हा टाइप करू नये, तसाच पुढे न्यावा. त्याहून बरे म्हणजे सगळे एका ओळीत मांडणे:

०.९४६० ÷ ३७२.२४ ÷ ०.२५०० × ९.९० × १००.०९ ÷ ५०.०० × १०००

या ओळीत प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहिले, की ती एकमेकांना छेदून जातात आणि शेवटी मिलिग्रॅम प्रति लिटर उरते. शेवटचा १००० विसरला, तर उरते मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि ०.२०१ हे उत्तर कुठे चुकले ते एककच सांगते. हा १००० व्याख्येने आलेला, मोजलेला नव्हे. म्हणून ‘त्यात एकच सार्थक अंक आहे’ असे म्हणून उत्तर २०० करायचे नसते. एकास एक हे प्रमाणही तसेच अचूक धरतात.

सार्थक अंकांनाही मर्यादा आहे. क्षारात ओल असेल किंवा रंग बदलल्यावर थेंब जास्त पडला असेल, तर ते या नियमांना कळत नाही. म्हणून ईडीटीएचे द्रावण ज्ञात कॅल्शियमवर तपासून घेतात आणि अनुमापन पुन्हा करून वाचने जुळतात का ते पाहतात. इथे २०१ आणि २०० यांतला फरक ब्युरेटच्या शंकेएवढाच असल्याने, ‘पाणी मर्यादेबाहेर आहे’ असा शेरा एका अनुमापनावर देता येणार नाही. वहीत २०१ लिहावे, शेजारी १ ची शंका नोंदवावी आणि निकाल आणखी अनुमापने झाल्यावर द्यावा.