डब्याचा हिशोब रविवारी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये चौघे राहतात असं समजा: दोघे नोकरीला, दोघे स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. महिनाअखेरीला दूध कुणी आणलं, डबा कुणी खाल्ला यावरून कुरबुर होतेच. त्यावर त्यांच्यातला एक रात्री ग्रुपवर लिहितो:

‘मंडळी, या रविवारी प्रत्येकी 700 काढू या, म्हणजे 2800 जमतील. डब्याचे आणि किराण्याचे पैसे त्यातूनच द्यायचे. किराणा चौघांत सारखा, डबा ज्याने खाल्ला त्याच्या नावावर. डबा नको असेल तर आदल्या रात्री 9 च्या आत ग्रुपवर सांगा, नाहीतर तो तुमच्या नावावर धरला जाईल. दर रविवारी रात्री हिशोब. बोला, चालेल ना?’

या मेसेजचा सगळा जीव ‘किराणा सारखा, डबा नावावर’ या अटीत आहे. चहा, साखर, तेल, गॅस कोणी किती वापरला हे मोजत बसलं तर घरात राहणं नको होईल. डबे मात्र मोजता येतात आणि पैसा जातो तोही त्यांच्यातच.

पहिल्या आठवड्यात किराणा हजाराचा झाला, म्हणजे प्रत्येकी 250. डबा 80 रुपयांचा. दोघांनी सहा-सहा खाल्ले, तिसऱ्याने चार, चौथा गावी गेला होता म्हणून त्याचे दोनच. पहिल्या दोघांचा खर्च 730-730, तिसऱ्याचा 570, चौथ्याचा 410, एकूण 2440. डब्बल-बेरीज न करता सगळंच चौघांत वाटलं असतं, तर गावी गेलेल्याला 610 पडले असते. दोनशे रुपये फुकट! तो तोंडाने काही बोलणार नाही, पण पुढच्या महिन्यात वेगळा डबा लावेल.

रविवारी कोणी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. ज्याचा जितका खर्च, तितके त्याने परत काँट्रीत घालायचे. उरलेल्या 360 मध्ये 2440 पडले की पुन्हा 2800. एखाद्याने खिशातून 150 चं दूध आणलं असेल, तर त्याने तेवढे कमी घालायचे. शिल्लक आणि काँट्रीतून भरलेली बिलं मिळून 2800 होत नसतील, तर काहीतरी लिहायचं राहिलंय. आठवड्याचं असल्यामुळे ते आठवतं. महिन्यानंतर दुधाच्या पिशव्या कोण आठवणार?

अंडी, पाहुण्याचा डबा आणि कुणाचं खास तूप काँट्रीत धरू नये. आणि पैसे एकाच्याच खात्यावर ठेवले तर त्याने बिलांचे फोटो ग्रुपवर टाकावेत. खोली सोडणाऱ्याने शेवटच्या रविवारचा हिशोब चुकता केला की त्याचे 700 त्याला परत.