व्हिडिओ कॉल अडखळतो कशामुळे?

इंटरनेट जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते, ते बँडविड्थ सांगते. ही माहिती लहान लहान पॅकेटांमधून जाते. एक पॅकेट पलीकडे पोहोचायला जो वेळ लागतो, ती लेटन्सी. प्रत्येक पॅकेटला हा वेळ सारखाच लागत नाही. त्यातला चढउतार म्हणजे जिटर.

कॉलमध्ये तिघांची लक्षणे निरनिराळी दिसतात. दोघांच्या कॉलला साधारण २ ते ३ मेगाबिट पुरतात. बँडविड्थ त्याहून थोडी कमी पडली, तर ॲप चित्राचा दर्जा उतरवते. चेहरा धूसर होतो, पण बोलणे चालू राहते. लेटन्सी वाढली की उत्तर उशिरा येते आणि माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. एका बाजूचा प्रवास १५० मिलिसेकंदांच्या आत झाला, तर हा उशीर सहसा जाणवत नाही. तो जास्त पण स्थिर असेल, तरी आवाज सलग येतो.

आवाज तुटतो आणि चित्र थबकते ते मुख्यतः जिटरमुळे. आवाजाचे पॅकेट सहसा दर २० मिलिसेकंदांनी निघते. ते त्याच लयीत ऐकू यावे म्हणून पलीकडचा फोन आलेली पॅकेटे थोडा वेळ राखून ठेवतो. समजा, पॅकेटाला एरवी ४० मिलिसेकंद लागतात आणि फोनने ६० मिलिसेकंदांची सवड ठेवली आहे. मग ९० मिलिसेकंदांनी आलेले पॅकेटही चालते. १३० मिलिसेकंदांनी आलेल्याची मात्र वेळ टळून गेलेली असते. ते टाकून द्यावे लागते. वाटेत हरवलेल्या पॅकेटाचाही परिणाम असाच होतो. ॲप सवड वाढवू शकते, पण तेवढाच संभाषणातला उशीर वाढतो.

जिटरचे उगमस्थान बहुधा घरातच असते. अपलोडचा वेग ५ मेगाबिट असताना फोटोंचा बॅकअप सुरू झाला आणि राउटरमध्ये २५० किलोबाइटांची रांग साचली, तर ती उपसायला सुमारे ४०० मिलिसेकंद लागतात. कॉलची पॅकेटे त्याच रांगेत अडकतात. वायफायचा सिग्नल क्षीण असेल, तर पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि त्यांचा वेळ मागेपुढे होतो. रिकाम्या जोडणीवर घेतलेल्या स्पीड टेस्टमध्ये यातले काही दिसतेच असे नाही.

विंडोज संगणकावर कॉल चालू असताना पुढील आज्ञा एकामागून एक द्याव्यात. पहिलीत आपल्या राउटरचा पत्ता घालावा. तो बऱ्याचदा असा असतो:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिल्या चाचणीतच आकडे खालीवर होत असतील, तर दोष वायफायचा. राउटरजवळ बसावे किंवा केबल जोडावी. पहिले आकडे स्थिर असून दुसरेच उसळत असतील, तर अडचण राउटरच्या पुढे आहे. बॅकअप थांबवून ते खाली आले, तर रांग अपलोडचीच होती. तरीही उसळत राहिले, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करताना हेच आकडे द्यावेत.