नॉर्वेचा टोल: ‘Saldo’ दिसला म्हणून पैसे भरू नका

भारतातून नॉर्वेत गेलेला मराठी माणूस गाडी घेतो, तेव्हा टोलच्या बाबतीत त्याच्या डोक्यात फास्टॅग असतो. आधी पैसे भरायचे, टोलनाक्यावर ते कापले जायचे, शिल्लक संपली की पुन्हा भरायचे. नॉर्वेच्या टोल अ‍ॅपमध्ये त्याला ‘Saldo’ म्हणजे शिल्लक आणि ‘Fyll på’ म्हणजे पैसे भरा, हे शब्द दिसतात आणि तो निर्धास्तपणे हजार-दोन हजार क्रोनर भरून टाकतो. महिनाअखेर टोलचं बिल मात्र वेगळंच येतं आणि भरलेले पैसे जिथल्या तिथे पडून राहतात.

तिथे टोलची पद्धतच निराळी आहे. बर्गनभोवतीचा टोल-वेढा 1986 मध्ये सुरू झाला, ऑस्लोचा 1990 मध्ये. आज बहुतेक ठिकाणी नाका असा नसतोच. रस्त्यावर कमान असते. तिच्यावरचा अँटेना काचेमागच्या टॅगशी बोलतो आणि कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो घेतो. गाडी थांबत नाही, वेगही कमी करावा लागत नाही. या देशव्यापी व्यवस्थेचं नाव ऑटोपास. टॅग देणाऱ्या कंपन्या अनेक, पण कुठलाही टॅग देशभर चालतो. सर्वसाधारणपणे पैसे नंतर मागितले जातात: महिनाभराच्या फेऱ्या मोजून बिल येतं. काही ठिकाणी आगाऊ भरण्याची सोय असते, पण टोलसाठी ती अट नाही.

मग ‘Saldo’ कशाचा? बहुतेक वेळा फेरीचा, म्हणजे खाडी ओलांडून गाड्या नेणाऱ्या बोटीचा. नॉर्वेचा पश्चिम किनारा समुद्राच्या लांबलचक खाड्यांनी चिरलेला आहे आणि मुख्य महामार्गही मध्येच पाण्याशी येऊन थांबतात. तिथे गाडीसकट बोटीत चढायचं. या बोटींसाठी ‘AutoPASS-ferjekonto’ नावाचं वेगळं खातं असतं आणि ते मात्र आगाऊ भरण्याचं. आधी पैसे ठेवणाऱ्या खाजगी ग्राहकाला गाडीच्या भाड्यात 50 टक्के सूट मिळते. नुसता टॅग असेल तर सूट बरीच कमी. म्हणजे पैसे भरण्याचा पडदा टोलचा नसून बोटीचा आहे, हे एकदा ध्यानात आलं की अर्धा गोंधळ संपतो.

समजा, बर्गनमध्ये राहणारं एक जोडपं ई-39 महामार्गाने स्टाव्हांगरला निघालं. शहरातून बाहेर पडताना टोलच्या कमानी लागतात. त्यांचे पैसे टोलच्या करारावर चढतात. पुढे हाल्हेम ते सांद्विकवोग ही बोट, मग आणखी दक्षिणेला आर्सवोगन ते मोर्ताविका ही दुसरी. या दोन्ही बोटींचं भाडं फेरीखात्यातून जातं. स्टाव्हांगरच्या परिसरात शिरताना पुन्हा कमान, म्हणजे पुन्हा टोलचा करार. एकच टॅग, एकच प्रवास, पण पैसे दोन थैल्यांतून. फेरीखात्यात कितीही शिल्लक असली तरी टोलचं बिल त्यातून भरलं जात नाही.

फेरीखात्यात पैसे भरतानाही एक खोच आहे. बँकेतून रक्कम पाठवताना बिलावरचा ‘KID’ नावाचा लांबलचक आकडा टाकावा लागतो. पैसे कोणत्या ग्राहकाचे आणि कशासाठीचे, हे कंपनीच्या संगणकाला त्यावरूनच कळतं. जुन्या बिलाचा ‘KID’ वापरला तर पैसे बँकेतून जातात, पण शिल्लक वाढत नाही. भरल्यानंतर दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत ‘Saldo’ बदलला नाही, तर पहिली शंका या आकड्याची घ्यावी. शिल्लक संपली आणि वेळेत भरली नाही, तर बोट कुणी अडवत नाही. फक्त सवलत जाते. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही.

आता गाडी नोंदवण्याचा पडदा. ‘Kjøretøy’ म्हणजे वाहन, ‘Legg til kjøretøy’ म्हणजे वाहन जोडा. इथे विचारतात थोडकंच, पण बिलाचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो. ‘Registreringsnummer’ मध्ये गाडीचा नंबर टाकायचा. साधी नॉर्वेजियन प्लेट दोन अक्षरं आणि पाच आकड्यांची असते. शेजारी देशाचा रकाना असेल तर तो आधी बघा, कारण दोन देशांत एकच नंबर असू शकतो आणि शेजारच्या स्वीडनची गाडी नॉर्वेची म्हणून नोंदली तर कॅमेऱ्यातल्या फोटोशी ती जुळणार नाही.

नंबर टाकला की नॉर्वेजियन गाडीची माहिती सरकारी वाहननोंदणीतून मिळते: गाडी किती वजनाची, कोणत्या इंधनाची. हे सोपस्कार वाटतात, पण दर त्यावर ठरतो. 3,500 किलोपर्यंतच्या गाडीला करार आणि टॅग असल्यास बहुतेक ठिकाणी 20 टक्के सूट मिळते. दर 30 क्रोनर असेल तर 24. विजेवर चालणाऱ्या गाडीचा दर त्याहून कमी असतो, पण तोही करार आणि टॅग दोन्ही असले तरच. प्लेट ‘EL’ पासून सुरू होते, मग कॅमेऱ्याला दिसेलच की, असं मानून बसणाऱ्यांना पूर्ण दराचं बिल येतं.

त्याखाली ‘Brikke’ म्हणजे टॅग. ‘Brikkenummer’ टॅगवरच छापलेला असतो. टॅग एका गाडीशी बांधलेला आहे. घरात दोन गाड्या असतील तर दोन टॅग घ्यावेत, एकच इकडून तिकडे हलवू नये. तो आरशामागे, काचेच्या वरच्या भागात लावायचा. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो आणि तो टॅगचा आवाज दाबतो. अशा काचेत ठिपक्यांची छोटी चौकट मोकळी सोडलेली असते, टॅग तिथेच हवा. टॅग वाचला जातो की नाही हे ‘Passeringer’ म्हणजे फेऱ्यांच्या यादीत पाहावं. बहुतेक फेऱ्या टॅगऐवजी फोटोवरून नोंदल्या जात असतील, तर जागा चुकलेली असते किंवा टॅगची आतली बॅटरी संपलेली असते.

तारखांचे दोन रकाने लोक सर्रास सोडून देतात. ‘Gyldig fra’ म्हणजे केव्हापासून, ‘Gyldig til’ म्हणजे केव्हापर्यंत. गाडी सोमवारी हाती आली आणि नोंद गुरुवारी केली, तर मधल्या फेऱ्यांना सूट नाही. विकताना घोळ अधिक मोठा होतो. नॉर्वेत साधारणपणे नंबरप्लेट गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. टॅग काढून घेतला, पण अ‍ॅपमधला नंबर तसाच राहिला, तर नवा मालक कमानीखालून जाताना कॅमेरा तोच नंबर वाचतो आणि बिल जुन्या मालकाच्या करारावर येऊ शकतं. म्हणून किल्ली देण्याच्या दिवशीच ‘Gyldig til’ भरावं.

भाड्याची गाडी घेऊन फिरायला जाणाऱ्यांनी मात्र यातलं काहीही भरू नये. गाडीत कंपनीचा टॅग बहुधा असतोच, आणि टोल नंतर सेवाशुल्कासह कार्डावर येतो. आपला स्वतःचा टॅग घेऊन अशा गाडीत बसलात, तर तो डिकीतल्या सामानात खोल ठेवा. काचेजवळ दोन टॅग असले की पैसे कोणत्या खात्यावर जातील, याचा भरवसा उरत नाही.