आवाज खरा की खोटा, हा वाद नको

‘जेवलीस तर भाऊ मरेल,’ असा आवाज एखादीला ऐकू येतो. ‘असं काही नसतं गं,’ म्हणून घरचे समजावतात. तिला वाटतं, कुणाचाच विश्वास नाही आणि मग ती बोलणंच बंद करते.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवूड यांनी 1994 मध्ये दाखवलं, की त्रास किती होईल हे आवाजाच्या शब्दांपेक्षा ऐकणारा त्याला किती शक्तिमान मानतो यावर अधिक ठरतं. म्हणून थेरपिस्ट आवाजाच्या ताकदीबद्दल विचारतो. तो कधी येतो? ऐकलं नाही तर काय होतं? ती सांगते, ‘दोन घास तरी चोरून खातेच.’ भाऊ तर ठणठणीत आहे! पण तिच्या मते उरलेलं ताट परत केलं म्हणूनच तो वाचला. ही अर्धवट आज्ञापालनाची पळवाट भीती जिवंत ठेवते. मग दोघं मिळून ठरवतात: आज एक घास जास्त, आणि काय होतं ते लिहायचं. प्रयोग तिला पटला तरच करायचा. दडपण आणलं तर थेरपिस्टही आवाजासारखाच हुकूम सोडणारा ठरतो.

औषधं चालूच राहतात. 2014 च्या ब्रिटिश चाचणीत घातक आज्ञा पाळणारे 46 टक्क्यांऐवजी 28 टक्के राहिले. आवाज मात्र बहुतेकांना येतच होते.