पाठ आधी, टाचा शेवटी

उंच उडीची स्पर्धा टीव्हीवर लागली की एक गंमत बघा. खेळाडू धावत येतो, दांडीजवळ पोचतो आणि ऐन वेळी तिच्याकडे चक्क पाठ फिरवतो! आधी डोकं पलीकडे जातं, मग पाठ, कंबर आणि सगळ्यात शेवटी टाचा. जिच्यावरून जायचं तिलाच पाठ दाखवायची, हे कुणाला सुचलं असेल?

अमेरिकेतल्या डिक फॉसबरी नावाच्या मुलाला. त्याच्या शाळेत स्ट्रॅडल शिकवत, म्हणजे पोट खाली करून दांडीवरून लोळत पलीकडे जायचं. ते त्याला काही केल्या जमेना. मग तो त्याहून जुन्या कात्री उडीकडे वळला. त्यात बसल्यासारखं राहून एकेक पाय दांडीपलीकडे टाकतात. पण त्याचं बूड दांडीला लागायचं. ते वर उचलायला तो खांदे मागे टाकू लागला आणि एका स्पर्धेत असं करता करता थेट पाठीवरच आला. पुढे 1968 साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने 2.24 मीटर उडी मारून सुवर्णपदक पटकावलं. त्याच्याच नावावरून या उडीला ‘फॉसबरी फ्लॉप’ म्हणतात.

आता खरा प्रश्न. पाठीवरून गेल्याने पायांत जास्त जोर येतो का? छे! मग उंची वाढते कुठून?

प्रत्येकाच्या शरीराचा एक गुरुत्वमध्य असतो. सगळं वजन जणू त्या एका बिंदूत गोळा झालंय, असं समजा. सरळ उभं राहिलं की तो बेंबीच्या आसपास असतो. पाय जमिनीवरून सुटला की हा बिंदू किती वर जाणार ते ठरून गेलेलं असतं. हवेत कितीही हातपाय झाडा, तो बोटभरही जास्त चढत नाही. समजा, एका खेळाडूचा गुरुत्वमध्य 2.30 मीटरपर्यंत चढतो. कात्री उडीत धड उभं असतं, त्यामुळे बूड या बिंदूच्या बरंच खाली लोंबतं, साधारण 25 सेंटिमीटर. म्हणजे दांडी 2.05 मीटरच्या वर ठेवली की पडलीच.

पण शरीर वाकवलं तर? बांगडीचा मध्य कुठे असतो? काचेत नाही, मधल्या रिकाम्या जागेत! पाठीची कमान केली, डोकं आणि पाय दोन्ही बाजूंना खाली सोडले, की गुरुत्वमध्यही खाली सरकतो, कधी कधी तर अंगाच्या बाहेर. मग शरीराचा एकेक भाग दांडीवरून जातो आणि तो बिंदू दांडीच्या पातळीवरून, क्वचित थोडा खालूनही निसटतो. तोच खेळाडू, तेवढाच जोर, पण आता 2.30 ची दांडीही त्याच्या आवाक्यात येते.

पण एवढ्यावर थांबलो तर स्ट्रॅडलवर अन्याय होईल. त्यातही शरीर दांडीभोवती गुंडाळलं जातं आणि पट्टीचे खेळाडू बिंदू दांडीच्या अगदी जवळून नेत. 1978 साली, फॉसबरीनंतर दहा वर्षांनी, व्लादिमीर याश्चेंकोने स्ट्रॅडलनेच 2.34 मीटरचा विश्वविक्रम केला होता!

मग फ्लॉप का जिंकला? मला वाटतं, खरी करामत हवेत नाही, जमिनीवर आहे. फ्लॉपवाला शेवटची काही पावलं वळणावरून धावतो. वळणावर अंग आतल्या बाजूला झुकतं, त्यामुळे गुडघे फार न वाकवताच गुरुत्वमध्य खाली येतो आणि वेग टिकून राहतो. शेवटचं पाऊल पुढे रोवलं की तोच वेग वर वळतो. झुकलेलं अंग झपकन सरळ होतं आणि त्याच झोक्यात दांडीकडे कलंडतं. स्ट्रॅडलमध्ये त्यासाठी गुडघा खोल वाकवावा लागे, म्हणून मांड्यांत फार ताकद हवी आणि धाव मंद.

उतरायची सोयही हवीच. वाळूच्या किंवा भुशाच्या खड्ड्यात पाठीवर, मानेवर कोण पडेल? फोमच्या जाड गाद्या आल्या म्हणून हे जमलं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे लहानपणी मक्याच्या सालपटांच्या गादीवर सराव करायचा. त्याने 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उडी मारून सहावा क्रमांक मिळवला. (तुम्ही मात्र गादी आणि सर दोन्ही असल्याशिवाय पाठीवर उडी मारू नका बरं! मैदानात कात्री उडीच बरी, त्यात पायांवर उतरता येतं.)

पुढच्या वेळी दांडी पडली की कशाने पडली ते ओळखा. वर जातानाच खांदा किंवा बूड लागलं, तर बहुधा खेळाडूने दांडीच्या फार जवळून उडी घेतली. कंबर सुखरूप गेली पण टाचांनी घात केला, तर पाय झटकून वर उचलायला त्याला उशीर झाला.