जीवाणू आणि औषधे, लेखांक ९ : प्राणवायूवाचून न उघडणारे पटल

गेल्या लेखांकात स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन आणि जेंटामायसिन ही अमिनोग्लायकोसाइड कुळातील औषधे जीवाणूच्या रायबोसोमवर कशी आघात करतात आणि तेथे घडणाऱ्या प्रथिनांची रचना कशी विस्कटून टाकतात, याचा तपशील आपण पाहिला. त्यावरून कोणासही सहज असे वाटेल की, रायबोसोमवाचून एकही जीवाणू जगू शकत नसल्यामुळे या औषधांचा अंमल सर्वांवर सारखाच चालत असावा. तो तसा चालत नाही. याचा अत्यंत बोलका दाखला १९७५ च्या सुमारास वाइनस्टाइन, ऑन्डरडॉन्क, बार्टलेट, गोरबाक प्रभृती संशोधकांनी उंदरांच्या एका मोठ्या जातीवर केलेल्या प्रयोगांत मिळतो.

आंत्रपुच्छ फुटून आतड्यातील मळ उदरपोकळीत सांडला असता माणसाची जी अवस्था होते, तीच या प्राण्यांत निर्माण करण्यासाठी आतड्यातील द्रव्य जिलेटिनच्या कुपीत भरून ती कुपी त्यांच्या पोटात ठेवण्यात आली. ज्यांना कोणतेही औषध दिले नव्हते, त्यांतील शेकडा ३७ प्रथम उदरावरणाच्या तीव्र दाहाने मेले, आणि जे वाचले त्या सर्वांच्या पोटात पुढे पुवाची गळवे झाली. जेंटामायसिन दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ पर्यंत उतरले. पण हे वाचलेले प्राणी तपासले तेव्हा त्यांपैकी शेकडा ९८ जणांच्या पोटात गळवे होतीच. क्लिंडामायसिनचा परिणाम नेमका उलट झाला : मृत्यू शेकडा ३५, म्हणजे जवळजवळ पूर्ववत, परंतु गळवे केवळ शेकडा ५. दोन्ही औषधे एकत्र दिली तेव्हाच मृत्यू आणि गळवे या दोहोंना आळा बसला.

या आकड्यांचा अर्थ असा की, एकाच दुखण्याच्या दोन अवस्थांचे कर्ते निरनिराळे होते. आरंभीचा जीवघेणा दाह प्रामुख्याने ई. कोलाय या जीवाणूमुळे होत होता, जो प्राणवायू असता श्वसन करतो आणि नसता किण्वनावर भागवतो. नंतरची गळवे मात्र मुख्यतः बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिससारख्या, प्राणवायूत वाढूच न शकणाऱ्या अवायुजीवी जीवाणूंची होती. जेंटामायसिनने पहिल्याचा नाश केला आणि दुसऱ्यास स्पर्शही केला नाही.

का केला नाही, हे समजण्यासाठी औषध पेशीत कोणत्या वाटेने शिरते ते पाहिले पाहिजे. अमिनोग्लायकोसाइडच्या रेणूवर अनेक धनभार असतात, आणि असा भारित, जलप्रिय रेणू मेदमय पटलातून आपोआप पाझरत नाही. ई. कोलायच्या बाह्य आवरणावर मॅग्नेशियमचे आयन ज्या जागा धरून असतात त्या जागांवरून त्यांस हुसकावून तो आत सरकतो. इथपर्यंत ऊर्जेची गरज नसते. खरी अडचण आतल्या पटलापाशी येते. श्वसन करणारा जीवाणू अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन वाहकांच्या साखळीतून प्राणवायूकडे पोहोचवीत असतो, आणि त्या प्रवासात मोकळी होणारी ऊर्जा खर्चून प्रोटॉन पटलाबाहेर लोटीत असतो. त्यामुळे पेशीचे अंतरंग बाहेरच्या मानाने ऋणभारित राहते, आणि हे विभवांतर शंभर मिलिव्होल्टच्याही वर जाते. धनभारित औषधास आत ओढून घेणारी शक्ती तीच होय. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, विभवांतर सुमारे ७५ ते ९० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर जेंटामायसिनचे आत शिरणे सुरूच होत नाही. पेशीच्या श्वसनसाखळीवर सायनाइडसारख्या विषाने घाला घातला, की औषधाचा प्रवेशही तत्काळ बंद पडतो.

प्रवेशाचे दोन टप्पे आहेत. प्रथम अल्प प्रमाणात, सावकाश काही रेणू आत जातात आणि रायबोसोमला चिकटतात. मग सदोष प्रथिने तयार होऊन त्यांपैकी काही पटलातच जाऊन बसतात, पटल गळके होते, आणि औषधाचा लोंढा आत येतो. हा दुसरा वेगवान टप्पाही ऊर्जेवरच अवलंबून असतो; आणि पहिला झाला नाही तर दुसऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

अवायुजीवी जीवाणूंत ही पहिली पायरीच चढली जात नाही. त्यांच्या पटलावर विभवांतर मुळीच नसते असे नव्हे. किण्वनातून मिळालेली ऊर्जा खर्चून तेही काही प्रोटॉन बाहेर टाकतात. परंतु प्राणवायूपर्यंत जाणारी इलेक्ट्रॉनवाहक साखळी त्यांच्याजवळ नसल्यामुळे औषध ओढून घेण्याइतका जोर तेथे निर्माण होत नाही. या स्पष्टीकरणाची कसोटी कॅल्गरी येथे ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली लावली, आणि तिची मांडणी मला फार निर्णायक वाटते. शंका अशी घेता आली असती की, या जीवाणूंचे रायबोसोमच वेगळे असतील, किंवा ते औषधाचा विघात करीत असतील. म्हणून बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसच्या पेशी फोडून त्यांचे रायबोसोम अलग काढले असता, ई. कोलायच्या रायबोसोमप्रमाणेच त्यांवर औषध चिकटते असे आढळले. जिवंत पेशी औषध निकामी करीत असल्याचाही पुरावा मिळाला नाही. मात्र त्या अखंड पेशींत कालानुसार औषधाचा साठा वाढत गेला नाही. लक्ष्य जागेवर होते, नाजूकही होते. केवळ तेथवर पोहोचण्याची वाट बंद होती.

येथे वैद्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुस्तकांत ती बहुधा एका ओळीत उरकलेली असते. दोष जीवाणूच्या जातीचा तेवढाच नाही, तो परिस्थितीचाही आहे. जो ई. कोलाय रक्तात जेंटामायसिनने मरतो, तोच गळवाच्या मध्यभागी, जेथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, किण्वनावर जगत असता औषधास फारशी दाद देत नाही. त्यात पुवाच्या आम्लतेची भर पडते : बाहेर आम्लता वाढली की पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनच्या प्रमाणाचा फरक वाढतो, आणि पेशी त्या मानाने विद्युत् विभवांतर कमी ठेवते. शिवाय मृत पेशींतून सुटलेली न्यूक्लिक अम्ले औषधाचा काही भाग बांधून ठेवतात. प्रयोगशाळेतील थाळी मात्र हवेत, उदासीन माध्यमावर वाढविलेली असते. म्हणून अहवालात ‘संवेदनशील’ असा शेरा आला आणि तरीही ताप उतरला नाही, तर प्रथम तपासावयाचे ते हे की, कोठे न निचरलेला पू साचून राहिला आहे काय. असल्यास त्यावर वाढीव मात्रा हा इलाज नव्हे. तिने मूत्रपिंड आणि श्रवणेंद्रिय यांस अपाय होण्याचा धोका तेवढा वाढतो. पू बाहेर काढावा लागतो, आणि अवायुजीवींसाठी मेट्रोनिडाझोलसारखे दुसरे औषध सोबत द्यावे लागते.

अवायुजीवी जीवाणू अमिनोग्लायकोसाइडांस दाद देत नाहीत, ही खात्री इतकी पक्की आहे की सूक्ष्मजीवशाळांनी तिचा उपयोगही करून घेतला आहे. संमिश्र पुवातून बॅक्टेरॉइड्स वेगळे काढण्यासाठी रक्तयुक्त आगरात कॅनामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन मिसळतात, आणि ती थाळी प्राणवायुरहित बरणीत ठेवतात. कॅनामायसिनने आतड्यातील वायुसहिष्णु जीवाणूंपैकी बरेचसे दबतात, व्हॅन्कोमायसिनने ग्रॅम-धन जीवाणू मागे पडतात, आणि बॅक्टेरॉइड्सच्या वसाहती निर्वेधपणे वाढतात.