तीनचा आकडा कुठून येतो?

विल्यम ह्यूलेट यांच्या 1939 च्या ध्वनी-ऑसिलेटरमध्ये, एचपी 200ए मध्ये, दोन रोधक आणि दोन धारित्रांचे साधे लीड-लॅग जाळे होते. एक जोडी सरळ मार्गात एकापाठोपाठ, दुसरी समांतर जोडून जमिनीकडे. आउटपुट या दुसरीवरून घ्यायचे.

लाप्लास पद्धतीत धारित्राच्या जागी `1/sC` लिहिले की कलनातले समीकरण बीजगणिताचे होते. पहिल्या जोडीचा अवरोध `R + 1/sC`, दुसरीचा `R/(1+sRC)`. व्होल्टेज विभाजकाचा नियम लावून आवरले, की उरते:

`H(s) = sRC / (1 + 3sRC + s²R²C²)`

मधला 3 महत्त्वाचा. दोन्ही जोड्या स्वतंत्र धरून गुणाकार केला, तर तिथे 2 येतो. पण दुसरी जोडी पहिलीवर भार टाकते, हे त्यात विसरले जाते.

आता `R` 10 किलोओहम आणि `C` 16 नॅनोफॅरड घेऊ. छेदाची मुळे सुमारे 380 आणि 2600 हर्ट्झचे कोपरे देतात. बोडे आलेखात रेषा दर दशकाला 20 डेसिबलने चढते, 380 पाशी सपाट होते आणि 2600 नंतर तितक्याच उताराने घसरते.

सपाट रेषा उणे 8.4 डेसिबलवर येते. खरा वक्र मात्र 995 हर्ट्झला उणे 9.5 वरच शिखर गाठतो, कारण तिथे `H` नेमका एक तृतीयांश असतो आणि कलाफरक शून्य. म्हणूनच ऑसिलेटरच्या प्रवर्धकाला तिप्पट लाभ लागतो. त्याहून कमी पडला, तर आंदोलने विझतात.